चार वर्षांचं यंत्र, आठ वर्षांचं यंत्र

फाइल माझ्याकडे सकाळी आली आणि दुपारी तीनच्या खरेदी समितीत तिच्यावर सही व्हायची होती. कारखान्यासाठी एअर कॉम्प्रेसर घ्यायचा होता. पहिल्याची किंमत १२ लाख, आयुष्य चार वर्षं, वीज आणि देखभाल मिळून वर्षाला ३ लाख. दुसरा २० लाखांचा, आठ वर्षं चालणारा, त्याचा वर्षाचा खर्च २.६ लाख. कंपनीचा भांडवलाचा दर १० टक्के. दोन्हींतून मिळणारी हवा सारखीच, त्यामुळे प्रश्न फक्त खर्चाचा होता.

तक्त्यात दोन्हींच्या सगळ्या खर्चाचं वर्तमान मूल्य काढलं होतं, म्हणजे पुढच्या वर्षांचा खर्च त्या १० टक्के दरानं आजच्या पैशांत आणून केलेली बेरीज: पहिल्याचं २१.५१ लाख, दुसऱ्याचं ३३.८७ लाख. खाली शेरा होता, ‘पहिला १२.३६ लाखांनी स्वस्त.’ मी आकडे पुन्हा करून पाहिले. गणितात एकही चूक नव्हती, तरी तो शेरा मला पटेना. २१.५१ लाखांत चार वर्षांची हवा मिळत होती आणि ३३.८७ लाखांत आठ वर्षांची. पाचव्या वर्षी पहिला कॉम्प्रेसर भंगारात गेल्यावर काय करायचं, याचा खर्च तक्त्यात कुठेच नव्हता.

मी दोन्हींचा समतुल्य वार्षिक खर्च काढला. म्हणजे आयुष्यभराच्या खर्चाचं वर्तमान मूल्य घ्यायचं आणि व्याज धरून ते दरवर्षीच्या समान हप्त्यांत वाटायचं, घराच्या कर्जाचा हप्ता काढतात तसंच. एक्सेलमध्ये एकेक ओळ पुरते:

```
=-PMT(10%,4,21.51)
=-PMT(10%,8,33.87)
```

पहिल्याचं उत्तर ६.७९ लाख, दुसऱ्याचं ६.३५ लाख. म्हणजे महाग दिसणारा कॉम्प्रेसर वर्षाला सुमारे ४४ हजारांनी स्वस्त. समितीत सगळ्यांना हप्त्याचं गणित पटेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या वाटेनंही पडताळलं. चार वर्षांनी पहिल्यासारखाच कॉम्प्रेसर पुन्हा घेतला, तर त्या दुसऱ्या फेरीचं २१.५१ लाखांचं आजचं मूल्य १४.६९ लाख होतं. आठ वर्षांचे एकूण ३६.२० लाख, समोर ३३.८७. निकाल तोच. काहीजण किमतीला नुसतं वर्षांनी भागतात. तसं केलं तर पहिल्याचे वर्षाला ३ लाख येतात आणि दुसऱ्याचे २.५, पैसा आधीच गुंतून राहतो त्याचं व्याज त्यात येतच नाही, म्हणून लांब आयुष्याचं यंत्र आहे त्याहून जास्त स्वस्त भासतं.

शेरा बदलून दुपारी मी समितीपुढे गेलो. मांडणी झाली, दुसऱ्या कॉम्प्रेसरवर एकमत होत आलं. इतक्यात मेंटेनन्सचे प्रमुख म्हणाले, “साहेब, हा बसणार तिसऱ्या शेडमध्ये ना? ती शेड चार वर्षांनी बंद होतेय. नव्या जागेत हवा मध्यवर्ती प्लँटमधून येणार आहे, तिथे या मापाचा कॉम्प्रेसर लागणारच नाही.”

मी समोरचा कागद उलटा ठेवला. समतुल्य वार्षिक खर्चाची तुलना एका गृहीतावर उभी असते: यंत्र संपलं की तसंच यंत्र त्याच खर्चात पुन्हा घेतलं जाईल आणि काम चालूच राहील. इथे पाचवं वर्षच नव्हतं. हे गृहीत मी दिवसभरात एकदाही कुणाला विचारलं नव्हतं, आणि ते माझंच काम होतं.

तिथेच बसून चार वर्षांचा हिशोब केला. पहिला २१.५१ लाखच. दुसरा चार वर्षं चालवला तर २० लाख किंमत आणि चालवण्याच्या खर्चाचं वर्तमान मूल्य ८.२४ लाख, मिळून २८.२४ लाख. फरक ६.७३ लाख. तो चार वर्षांनी यंत्र विकूनच भरून यायला हवा, आणि तेव्हाचा पैसा आजच्या भाषेत ०.६८३ पट. म्हणजे विक्रीचे निदान ९.८६ लाख यायला हवेत, जवळजवळ निम्मी किंमत.

आता प्रश्न एवढाच उरला, की चार वर्षं चाललेल्या कॉम्प्रेसरला तेवढे कोण देईल? खरेदी विभागानं बैठकीतूनच पुरवठादाराला फोन लावला आणि बायबॅकची लेखी हमी मागितली. अर्ध्या तासात उत्तर आलं: ६ लाख, तेही देखभालीची सगळी नोंद नीट असेल तर.

पहिला कॉम्प्रेसर मंजूर झाला. सकाळच्या फाइलवरही त्याचंच नाव होतं, पण मी ‘१२.३६ लाखांनी स्वस्त’ हे वाक्य खोडायला लावलं. त्याच्या जागी लिहिलं: ‘गरज चार वर्षांपुरती. शेड त्यापुढे चालू ठेवायचं ठरलं, तर ऑर्डर देण्यापूर्वी तुलना पुन्हा करावी.’ त्याखाली शेडच्या तारखेसाठी मेंटेनन्स प्रमुखांची सही घेतली आणि मग माझी केली.