चाळीस हर्ट्झवर अडलेले पाणी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे मोटर-दुरुस्तीचे आणि विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. द्राक्षांच्या हंगामात आमचे निम्मे काम दिंडोरी आणि निफाडकडच्या पॅकहाऊसमध्ये असते. पुढे सांगितलेला अनुभव दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसचा आहे. तिथे एकच नियम मी आधी पंख्यांना आणि नंतर पंपाला लावला. पंख्यांचे उत्तर बरोबर आले आणि पंपाचे चुकले. ती चूक समजून घ्यायला मला जवळजवळ एक आठवडा लागला.

सुरुवात प्री-कूलिंगच्या खोलीपासून झाली. बागेतून आलेल्या द्राक्षांच्या पेट्यांमधून थंड हवा ओढून माल काही तासांत शून्य ते दोन अंशांच्या जवळ आणायचा असतो, आणि त्यासाठी मोठे पंखे लागतात. माल बराचसा थंड झाला की तेवढ्या हवेची गरज उरत नाही, म्हणून मालकांनी पंख्यांना ड्राइव्ह बसवून शेवटच्या टप्प्यात वेग कमी करण्याचे काम मला दिले. नियम मला पाठ होता: वेग ज्या प्रमाणात बदलतो त्याच प्रमाणात प्रवाह बदलतो, दाब त्या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो आणि शक्ती घनाने. पन्नास हर्ट्झवरून चाळीसवर आलो, तर वेग ०.८ पट होतो, दाब ०.६४ पट आणि शक्ती ०.५१ पट. पूर्ण वेगावर एका पंख्याची मोटर ४.६ किलोवॉट घेत होती, म्हणजे चाळीस हर्ट्झवर सुमारे २.४ किलोवॉट यायला हवे होते. मीटरवर २.५ आले. ड्राइव्हचा स्वतःचा थोडा खर्च आणि कमी भारावर मोटरची थोडी घसरणारी कार्यक्षमता लक्षात घेता हा आकडा अगदी रास्त होता. फक्त दोन्ही नोंदी खोली सारखीच थंड असताना घेतल्या पाहिजेत, कारण थंड हवा जड असते. तीस अंशांची हवा दोन अंशांवर आली की तिची घनता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि त्याच वेगावर पंख्याची शक्तीही तेवढीच वाढते. माझी पहिली नोंद खोली गरम असतानाची होती, म्हणून ती सोडून मी सगळे पुन्हा मोजले.

हा हिशेब इतका नेमका जुळला की मालकांनी लगेच विहिरीवरच्या पंपालाही ड्राइव्ह बसवायला सांगितले. तो पंप विहिरीचे पाणी टेकडीवरच्या सिमेंटच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते ठिबकला आणि पॅकहाऊसला येते. पूर्ण वेगावर पंप सेकंदाला वीस लिटर पाणी चाळीस मीटर हेडवर, म्हणजे चाळीस मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाने, देत होता आणि मीटरवर १२.८ किलोवॉट दिसत होते. टाकी रात्रभरात सावकाश भरली तरी चालणार होती. मी वहीत लिहिले: चाळीस हर्ट्झवर सेकंदाला सोळा लिटर, साडेसहा किलोवॉट. एक हजार लिटर पाण्याला पूर्ण वेगावर ०.१७८ युनिट लागत होते, ते ०.११४ वर येणार होते. ड्राइव्ह बसवला, चाळीसवर लावला आणि मीटर पाहिला, तर ५.३ किलोवॉट. अपेक्षेपेक्षाही कमी शक्ती लागते आहे, याचा मला त्या वेळी आनंदच झाला. खरे तर तीच पहिली धोक्याची खूण होती. सेंट्रिफ्युगल पंपातून पाणी कमी गेले की त्याची शक्तीही कमी होते, त्यामुळे घनाच्या नियमापेक्षा मीटर बराच खाली असेल, तर आधी प्रवाह तपासायला हवा.

तिसऱ्या दिवशी पंपावर देखरेख करणाऱ्या काकांचा फोन आला. “साहेब, सकाळी पाणी येतं, पण टाकी काही भरत नाही. आणि दुपारनंतर तर मोटार नुसती फिरते, वर एक थेंब येत नाही.” मी पोचलो तेव्हा पंप चालू होता, आवाजही नेहमीसारखा होता, पण केसिंगला हात लावला तर तो लगेच मागे घ्यावा लागला. आत तेच पाणी घुसळून तापत होते. मला आधी विहिरीतल्या पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळत असल्याची शंका आली. तो काढून साफ केला, सक्शनच्या सांध्यांमधून हवा शिरते का तेही पाहिले, आणि त्यात एक पूर्ण दिवस गेला. काहीच दोष निघाला नाही. ड्राइव्ह पन्नासवर नेला की पाणी जोरात यायचे, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढला.

आमच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी काम केलेले एक फोरमन आता निवृत्त आहेत. त्यांना मी सगळी हकीगत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पंप बंद केल्यावर एनआरव्हीच्या पुढचा गेज काय दाखवतो?” पाणी उलटे येऊ न देणाऱ्या त्या व्हॉल्व्हपुढचा गेज मी कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर भरलेली असताना जाऊन पाहिला. पंप बंद असताना काटा २.७ किलोवर स्थिर होता. गेजवरचा एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर पाणी, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी गेजपासून सत्तावीस मीटर वर होती. गेजपासून विहिरीतले पाणी आणखी तीन मीटर खाली होते. एकूण तीस मीटर उंची पाण्याला चढायचीच होती, मग प्रवाह एक लिटर असो की वीस लिटर. पूर्ण वेगावरच्या चाळीस मीटरपैकी पाइपच्या घर्षणात जाणारे फक्त दहा मीटर होते. मग पंप चाळीस हर्ट्झवर चालू केला, तर काटा २.७ वरून २.८ वर आला आणि तिथेच थांबला. पूर्ण वेगावर तो ३.७ ला जायचा. त्या एका रेघेच्या फरकात सगळे कारण होते.

चूक माझ्या वहीतच दिसत होती. मी प्रवाहाला ०.८ ने आणि शक्तीला ०.५१ ने गुणले होते, पण हेडला ०.६४ ने गुणून पाहिलेच नव्हते. चाळीस मीटरचे ०.६४ पट म्हणजे २५.६ मीटर. सेकंदाला सोळा लिटर देताना पंप २५.६ मीटरचे हेड देणार होता, आणि टाकी तीस मीटरवर होती. माझ्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग सांगत होता की ते पाणी टाकीपर्यंत पोचणारच नाही. नियम चुकला नव्हता. तो पंपाच्या वक्रावरचा, म्हणजे प्रवाह आणि हेड यांच्या आलेखावरचा, एक बिंदू नव्या वेगाच्या वक्रावर कुठे जातो एवढेच सांगतो. त्या बिंदूवर पंप प्रत्यक्षात चालेल की नाही, हे पाइपलाइन ठरवते. थंड खोलीत पंख्यासमोर फक्त घर्षण होते. ते प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाने कमी होत होते, म्हणून तिथे दोन्ही वक्र एकत्रच खाली सरकले. विहिरीवर तीस मीटर जागचे हलत नव्हते.

मग मी जे आधीच करायला हवे होते ते केले. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद करून पन्नास हर्ट्झवर गेज पाहिला. ४.७ किलो, म्हणजे विहिरीच्या पातळीपासून पन्नास मीटर. हा शून्य प्रवाहाचा बिंदू आणि वीस लिटरला चाळीस मीटर हा दुसरा बिंदू, एवढ्यावरून दोन्ही वक्र कामापुरते लिहिता आले. पाइपलाइनचा वक्र तीस मीटरपासून सुरू होतो. `n` म्हणजे पूर्ण वेगाच्या तुलनेत वेगाचे प्रमाण, `Q` लिटर प्रति सेकंदात आणि `H` मीटरमध्ये:

```
पंप     : H = 50·n² − 0.025·Q²
पाइपलाइन : H = 30 + 0.025·Q²
```

दोन्ही समान धरले की `Q² = 1000·n² − 600` येते. `n` १ असेल तर वीस लिटर, म्हणजे मोजमापाशी जुळते. `n` ०.८ ठेवल्यावर `Q²` चाळीस, म्हणजे प्रवाह फक्त ६.३ लिटर. वेग वीस टक्क्यांनी कमी केला आणि पाणी दोन तृतीयांशांहून अधिक घटले. हे पडताळायला मी टाकीवर चढलो. टाकी पाच बाय चार मीटरची आहे, त्यामुळे पातळी दहा सेंटिमीटर वाढायला दोन हजार लिटर लागतात. काठीवर खडूने दोन खुणा केल्या, काठी भिंतीला टेकवून धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. पन्नास हर्ट्झवर पाणी एका खुणेपासून दुसरीपर्यंत शंभर सेकंदांत पोचले. चाळीसवर सव्वापाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. हिशेब ३१७ सेकंदांचा होता.

दुपारचे कोडेही याच समीकरणाने सुटले. चाळीस हर्ट्झवर व्हॉल्व्ह बंद असतानाही पंप जास्तीत जास्त पन्नासच्या ०.६४ पट, म्हणजे बत्तीस मीटरच उचलू शकत होता. सकाळी तीस मीटरची गरज होती, म्हणून हाताशी जेमतेम दोन मीटर उरत होते. त्याच विहिरीवर दुसरी मोटर चालते. दुपारपर्यंत पाणी तीन मीटर खाली जायचे, गरज तेहतीस मीटरची व्हायची आणि एनआरव्ही उघडतच नसे. पूर्ण वेगावर त्याच तीन मीटरने प्रवाह विसावरून साधारण साडेअठरा लिटरवर येतो, आणि तो फरक काकांच्या कधी लक्षातही आला नव्हता.

खर्चाचा हिशेब मालकांसमोर मांडणे मला सगळ्यात अवघड गेले. चाळीस हर्ट्झवर एक हजार लिटरला ०.११४ नव्हे, तर ०.२३३ युनिट लागत होते, म्हणजे ड्राइव्ह नसतानाच्या ०.१७८ पेक्षाही जास्त. कारण तीस मीटर चढवण्याचे काम तेवढेच राहते, आणि पंप आपल्या वक्राच्या अशा टोकाला जातो जिथे त्याची कार्यक्षमता बरीच कमी असते. कार्यक्षमता वेग बदलूनही साधारण तीच राहते हे खरे, पण त्याच अनुरूप बिंदूवर; माझा पंप तो बिंदूच सोडून गेला होता. पंचेचाळीस हर्ट्झवर मोजले तेव्हा साडेचौदा लिटर प्रवाह आणि सुमारे ८.७ किलोवॉट शक्ती आली, म्हणजे हजार लिटरला ०.१६६ युनिट. बचत सात टक्क्यांच्या आसपास होती. मी सांगितलेल्या छत्तीस टक्क्यांच्या ती जवळपासही नव्हती, आणि ते मी मालकांना स्पष्ट सांगितले.

आता तो पंप पंचेचाळीसवर चालतो. ड्राइव्हमध्ये किमान वारंवारता चव्वेचाळीस हर्ट्झ ठेवली आहे. विहीर तीन मीटर खाली गेली, तर पाणी थांबण्याची मर्यादा ४०.६ हर्ट्झवर येते आणि चव्वेचाळीसवर तेव्हाही सेकंदाला साडेदहा लिटरच्या वर पाणी मिळते. उन्हाळ्यात पातळी आणखी खाली गेली की ही मर्यादा पुन्हा काढावी लागेल. काकांना मी पंप बंद असतानाचा गेज रोज सकाळी पाहायला सांगितले आहे, आणि त्यासोबत दोरीला वजन बांधून विहिरीतल्या पाण्याची खोलीही मोजायला सांगितली आहे. दोन्ही आकडे ते स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवतात.