ऑडिट फीची प्रोव्हिजन आणि राहून गेलेला टीडीएस

मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. 31 मार्च 2024 ला नेहमीसारखी ऑडिट फीची 60,000 ची प्रोव्हिजन टाकली, ऑडिट फी डेबिट, प्रोव्हिजन क्रेडिट, आणि टीडीएस? तो काय, बिल आलं की पैसे देताना कापू. इतकी वर्षं असंच चाललेलं आणि कोणी काही बोललं पण नव्हतं.

बिल आलं सप्टेंबरमध्ये. फी 60,000 आणि खाली एक ओळ, प्रवास आणि राहण्याचा खर्च 5,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 11,790, एकूण 77,290. आता 5,500 वर टीडीएस कापायचा की नाही यावर मी अर्धा दिवस घालवला, कारण हा तर त्यांनी खिशातून केलेला खर्च, त्यांची कमाई कुठे? पण तिकिटं, हॉटेल सगळं त्यांच्या फर्मच्या नावावर आणि फीच्याच बिलात लावलेलं, त्यामुळे 194J मध्ये पूर्ण 65,500 वर 10 टक्के, म्हणजे 6,550 कापले. जीएसटी वेगळा दाखवलेला होता म्हणून त्यावर नाही कापला. हातात 70,740 दिले. (खर्चाचं बिल वेगळं आणि मूळ पावत्यांसकट असतं तर न कापण्यासाठी काहीतरी आधार होता, पण तसं नव्हतं.)

मला वाटलं झालं काम. तर ऑडिटवाले सरच म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये क्रेडिट टाकलंत ना, मग टीडीएस तेव्हाच लागतो." क्रेडिट किंवा पेमेंट, जे आधी होईल ते. खात्याला प्रोव्हिजन म्हणा नाहीतर सस्पेन्स म्हणा, कोणाला द्यायचेत हे माहीत असेल तर ते क्रेडिटच धरतात. त्यांच्याच फीवर त्यांनीच मला पकडलं, काय बोलणार!

मग व्याज. उशिरा कापल्याबद्दल महिन्याला 1 टक्का, अर्धवट महिना पण पूर्ण धरतात. ते फक्त 6,000 वर, कारण 5,500 चा खर्चच मार्चनंतर झालेला, तो बिलाबरोबर क्रेडिट झाला. वाद नको म्हणून मार्च ते सप्टेंबर 7 महिने धरले आणि 420 रुपये भरले. रक्कम किरकोळ आहे, पण हा टीडीएस कंपनीचं इन्कम टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीनंतर भरला असता तर 60,000 च्या 30 टक्के म्हणजे 18,000 चा खर्च त्या वर्षी नामंजूर झाला असता, तिथून थोडक्यात वाचलो.

पुढच्या मार्चला एंट्री बदलली: डेबिट 60,000, क्रेडिटला टीडीएस 6,000 आणि प्रोव्हिजन 54,000, चलन 30 एप्रिलच्या आत. बिल आल्यावर आमच्या नवीन मुलाने परत सगळ्या रकमेवर 10 टक्के लावले होते, मी प्रोव्हिजनचं लेजर उघडून दाखवलं की फीचा कापून झालाय, आता फक्त प्रवासखर्चावर काप.