लिस्ट तीच, पडता वेगळा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कूलर बनवणाऱ्या युनिटमध्ये मी हिशेब आणि डीलरांचं बिलिंग पाहतो. नागपूरचा कूलरचा धंदा उन्हाळ्यात दिसत असला तरी तो ठरतो डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा पत्रा आणि मोटर घ्यायची, डीलरांचं बुकिंग घ्यायचं, मार्चपासून माल उचलायचा. त्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस स्टोअरवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला की मोटरचे खोके आले, पण कपॅसिटर आलेच नाहीत.

कपॅसिटर नेहमी मोटरच्या खोक्यातच यायचा. मी बिल काढून पाहिलं. मोटरचा रेट तोच होता, ११५० रुपये. मग बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, पाहिली. दरवेळी तिच्यावर ‘पेड’ असायचं, या वेळी ‘टू पे’चा शिक्का होता, म्हणजे नागपूरजवळच्या वाडीपर्यंतचं भाडं आमच्या माथी. बिलाच्या तळाला रोखीची सूट ३ टक्क्यांऐवजी १ टक्का झालेली. कपॅसिटर वेगळा मागवला तर ४५ रुपयांना पडत होता. भाडं एका मोटरमागे ३० रुपये, सुटीतला फरक २३ रुपये. रेटच्या रकान्यात एक पैसाही न हलता मोटर आम्हाला ९८ रुपयांनी महाग झाली होती, म्हणजे जवळपास नऊ टक्क्यांनी. असली वाढ बिलातल्या रेटवरून कधीच सापडत नाही. गेलेले सगळे पैसे, भाडं-हमालीसकट, चालू हालतीत बसवलेल्या मोटरींच्या संख्येनं भागले तरच सापडते.

पत्र्याचा भाव मात्र उघड वाढला होता. दोन्ही मिळून एका कूलरमागे सुमारे अडीचशे रुपये खर्च वाढला. मालकांनी मला बोलावून सांगितलं, “लिस्टला हात लावायचा नाही. वसुली कुठून करायची ते सांग.”

लिस्टला हात न लावण्यामागे कारण होतं. आमच्या चोवीस इंची लोखंडी कूलरची डीलर लिस्ट ८००० रुपये. ती छापील लिस्ट प्रत्येक दुकानाच्या काउंटरमागे लटकलेली असते. नवी लिस्ट निघाली की दुसऱ्या कंपनीचा सेल्समन जुनी आणि नवी शेजारी ठेवून दाखवतो, आणि डीलरही वाढीच्या बदल्यात जास्त सूट मागतो. शिवाय उन्हाळा सौम्य गेला, तर वाढवलेली लिस्ट पुन्हा खाली आणताना लाज जाते; सवलत मात्र गाजावाजा न करता परत देता येते.

पण लिस्टचे ८००० आम्हाला कधीच मिळत नव्हते. मी कागदावर एका कूलरचा प्रवास उतरवला. डीलरची १२ टक्के सूट गेली की ७०४०. दहावर एक फ्री ही स्कीम, म्हणजे अकरा कूलर देऊन दहाचे पैसे. तिथं ६४०० राहतात. सात दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के रोखीची सूट, १२८ रुपये. प्रत्येक कूलरसोबत फुकट लोखंडी स्टँड, जो आम्हाला ३५० ला पडतो. डीलरच्या दारापर्यंतचं भाडं १३०. हे सगळं वजा केलं की जीएसटी सोडून हातात ५७९२ रुपये. खर्च होता ५४००, तो आता ५६५० झाला. म्हणजे ३९२ रुपयांचा नफा १४२ वर येणार होता.

मालकांनी कागद पाहिला आणि लगेच बोट स्कीमवर ठेवलं. दहावर एकऐवजी पंधरावर एक करायचं. सोळा कूलरला पंधराचे पैसे म्हणजे ६६००, एका कूलरमागे थेट २०० रुपये. एका ओळीचा बदल, लिस्ट जशीच्या तशी. परिपत्रकाचा मजकूरही त्यांनी सांगून टाकला.

टाइप करण्याआधी मी गेल्या हंगामाची बिलं डीलरवार लावून पाहिली, कारण सरासरी २०० ही कुणाच्याच बिलात सरासरी म्हणून येत नाही. आमचे बरेचसे तालुक्याचे डीलर एका वेळी बरोबर दहाच कूलर मागवतात. अकरा कूलर घेऊन छोटी गाडी भरते आणि त्यांचं भांडवलही तेवढंच असतं. अशा डीलरला पंधरावर एकची स्कीम लागूच होत नाही. पूर्वी ७०,४०० रुपयांत अकरा कूलर यायचे, आता तेवढ्यातच दहा. त्याचा पडता, म्हणजे एक कूलर त्याला प्रत्यक्षात ज्या किमतीला पडतो ती, ६४०० वरून ७०४०. दहा टक्के वाढ. तीस कूलर घेणाऱ्या मोठ्या डीलरला मात्र तेहेतीसऐवजी बत्तीस मिळणार, त्याचा पडता ६६००, वाढ जेमतेम तीन टक्के. वाढ एक होती, पण ती नेमकी लहान माणसाच्या अंगावर तिप्पट जोरानं पडत होती.

त्याच दुपारी काटोलचे एक डीलर जुनी बाकी द्यायला आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पैसे पाचव्या दिवशी हजर. मालकांनीच त्यांना विचारलं, “पंधरावर एक केलं तर कसं होईल?” त्यांनी खिशातून पेन काढला, माझ्याच टेबलावरच्या चलनाच्या पाठीवर दोन भागाकार केले आणि कागद फिरवून आमच्याकडे केला. “लिस्ट तर तीच हाये भाऊ, पन मले साडेसहाशे रुपयानं महाग पडते. हे दुकानात मी कोनाले सांगू? त्यापेक्षा भाव वाढवला असता तं बरं झालं असतं, सगळ्याइले सारखा लागला असता.”

साडेसहाशे हा त्यांचा आकडा माझ्या ६४० च्या इतका जवळ होता की मालक काही बोललेच नाहीत. ग्राहकाला छुपी वाढ कळत नाही, हे किरकोळ दुकानात एखाद्या वेळी खरं असेल. डीलर मात्र लिस्ट वाचतच नाही, तो पडताच वाचतो. त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नसतंच. कुठली सवलत कापली तर कुणाला लागते, एवढंच आपण निवडू शकतो.

मग मी त्यांना उलटा प्रश्न विचारला: आम्ही देतो त्यातलं काय तुमच्या उपयोगाचं नाही? उत्तर यायला वेळ लागला नाही. “स्टँड. अर्ध्या लोकाइच्या घरी जुना स्टँड असतेच. उरलेले माझ्या गोडाऊनात गंजतात, पावसाळ्यात भंगारात जातात.” म्हणजे आम्ही ३५० रुपये खर्चून जे देत होतो, त्यातलं अर्धं कुणाच्याच कामाचं नव्हतं. दोन कूलरमागे एक स्टँड फुकट, जास्त हवा तर पैसे देऊन, असं केलं तर एका कूलरमागे १७५ रुपये वाचतात आणि काटोलच्या डीलरचा प्रत्यक्षात फारसा तोटा होत नाही.

दुसरी जागा मला बिलांत आधीच दिसली होती. सात दिवसांची अट बिलावर छापलेली, पण सुमारे साठ टक्के बिलांवर लोकांनी २ टक्के कापूनही पैसे चाळीस-बेचाळीस दिवसांनी दिले होते. सूट कमी करायची गरजच नव्हती. लिहिलेली अट पाळायची होती. उशिराच्या बिलावर सूट नाही म्हटलं तर त्या बिलांवर कूलरमागे १२८ रुपये, सरासरीत ७७. यातली एक मेख मी मालकांना तेव्हाच सांगितली. उद्या हे लोक सातव्या दिवशी पैसे द्यायला लागले, तर १२८ वाचणार नाहीत. फक्त पैसे पाच आठवडे आधी येतील. बारा टक्के व्याजानं ६४०० रुपयांवर ते सुमारे ७४ होतात. म्हणजे ७७ हा आकडा वरचा आहे, पक्का नाही.

१७५ आणि ७७ मिळून २५२, म्हणजे हातात ५७९२ ऐवजी ६०४४. लिस्ट चार टक्क्यांनी वाढवली असती तरी सूट आणि स्कीम वजा जाता जवळपास एवढेच आले असते. फरक असा की मग काटोलचे डीलर आणि बेचाळीस दिवस पैसे न देणारे, दोघांनाही सारखंच लागलं असतं. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो. वेळेवर पैसे देणाऱ्यानं उशीर करणाऱ्याचं व्याज भरू नये.

स्कीम दहावर एकच राहिली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या डीलरांना एका पानाचं पत्र गेलं. स्टँडचा नियम बदलला आणि सात दिवसांनंतर रोखीची सूट मिळणार नाही, या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या. त्याआधी ज्यांनी ॲडव्हान्स देऊन बुकिंग केलं होतं, त्यांचा माल जुन्या अटींवरच दिला. बिल हातात आल्यावर स्टँड मोजून डीलरला बदल कळावा, हे मला मान्य नव्हतं. कपॅसिटर नसलेल्या खोक्यांपुढे उभं राहून मी ते अनुभवलं होतं, आणि त्या मोटरवाल्याच्या प्रत्येक बिलाकडे मी तेव्हापासून संशयानं पाहतो.

विरोध झाला, पण स्टँडवरून नाही. मोठ्या तीन-चार डीलरांनी रोखीच्या सुटीवरून फोन केले. त्यांना गेल्या वर्षीच्या पावत्यांच्या तारखा वाचून दाखवल्यावर विषय मिटला. एकानं ऑर्डर अर्धी केली, ती मेमध्ये पारा चढल्यावर पूर्ववत झाली.

दर शनिवारी मी एकच रकाना काढत असे: त्या डीलरकडून आलेले एकूण पैसे, त्यातून भाडं आणि गेलेल्या स्टँडची किंमत वजा, भागिले फ्रीसकट गेलेले कूलर. सवलत एका भोकातून बंद केली की ती दुसऱ्यातून गळते, आणि ते या रकान्यातच दिसतं. एप्रिलमध्ये भंडाऱ्याकडच्या एका डीलरचा आकडा जागचा हललाच नव्हता. त्याची बिलं नियमाप्रमाणे, पैसे वेळेवर. स्टोअरची गेटपास वही उघडली तेव्हा कळलं: आमचा सेल्समन त्याला उरलेले स्टँड ‘तुटके, बदली’ म्हणून पाठवत होता. बदलीचे सतरा स्टँड गेले होते, परत आलेला तुटका एकही नव्हता.

सेल्समनला मी दोष देत नाही. त्याला ऑर्डर टिकवायची होती आणि वाकवता येण्यासारखी तेवढीच जागा त्याला सापडली. तेव्हापासून तुटका स्टँड गेटवर जमा झाल्याशिवाय बदली मिळत नाही, आणि सेल्समनला खरोखरच काही द्यायचं असेल तर त्याच्या नावानं वेगळी, ठरलेली रक्कम आहे, जी बिलावर सूट म्हणून लिहिली जाते. मेच्या अखेरीस हंगामाची सरासरी ५९८० निघाली. ठरवलेल्या ६०४४ पेक्षा कमी; निम्मी तूट असल्या बदलीच्या स्टँडची, निम्मी सातव्या दिवशी पैसे द्यायला शिकलेल्या डीलरांची. या दुसऱ्या तुटीबद्दल मालकांची काहीच तक्रार नव्हती, कारण त्या वर्षी पहिल्यांदाच एप्रिलमध्ये पत्र्यासाठी बँकेची मर्यादा वाढवून मागावी लागली नाही.