यंत्राखालचं लाकूड

सावंतवाडीजवळ एका काकांचा काजू कारखाना आहे. दोन पिढ्यांचा धंदा, पण परदेशातून थेट माल आणायची त्यांची ही पहिलीच खेप होती. काजू फोडायचं आणि सोलायचं यंत्र त्यांनी चीनमधून मागवलं होतं. कोकणात मार्चपासून काजू बिया उतरायला लागतात, त्यामुळे फेब्रुवारीअखेर यंत्र बसलंच पाहिजे असा त्यांचा हिशेब. मी उरणला एका कस्टम्स ब्रोकरकडे काम करते. माझ्याकडे जी कार्ड आहे, म्हणजे फर्मच्या वतीने कस्टम्सच्या कागदांवर सही करता येते आणि माल तपासणीला मीच उभी असते. न्हावा शेव्याला आलेल्या या कंटेनरचं काम माझ्याकडे आलं.

कागदांच्या बाबतीत काका फार नेटके. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, आधीच काढलेला, परदेशी व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा एडी कोड बंदरासाठी नोंदवलेला. आम्हाला दिलेलं अधिकारपत्र, खरेदीची ऑर्डर, सप्लायरचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, जहाजावर माल चढल्याची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, विम्याची पॉलिसी, यंत्राचं कॅटलॉग, सगळं एका फाइलमध्ये. मी आणखी एक कागद मागून घेतला. यंत्र नेमकं काय करतं, विजेवर किती ताकदीचं आहे आणि कशासाठी वापरणार, हे साध्या भाषेत लिहिलेलं एक पान. फेसलेस असेसमेंटमध्ये आपलं बिल तपासणारा अधिकारी देशातल्या कुठल्याही कस्टम हाउसमध्ये बसलेला असू शकतो. काजू फोडायचं यंत्र त्याने कधी पाहिलेलंही नसतं. नुसतं ‘फूड मशिनरी’ लिहिलं की क्वेरी येणारच.

कागद ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन सिस्टिमवर चढवले, आणि प्रत्येकाला मिळालेला नंबर बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या अर्जात टाकला. बिल जहाज यायच्या आधीच भरलं. जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत ते भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये दंड बसतो. सुट्टीचा दिवसही यातून सुटत नाही. जहाजाच्या 30 दिवस आधीपासून बिल भरता येतं, म्हणून थांबायला काही कारणही नसतं. आमच्या बिलातला कंटेनर नंबर, नगांची संख्या आणि वजन शिपिंग लाइनने भरलेल्या मॅनिफेस्टशी, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीशी, जुळत होतं. तिथे फरक पडला की मॅनिफेस्ट दुरुस्त होईपर्यंत गाडं अडतं.

इन्व्हॉइस भाड्यासकट होतं, विम्याचा हप्ता त्यात मिळवल्यावर कस्टम्सची किंमत 24,00,000 रुपये झाली. त्यावर साडेसात टक्के मूळ सीमाशुल्क 1,80,000. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार 18,000. या तिन्हीच्या बेरजेवर, म्हणजे 25,98,000 वर, 18 टक्के आयजीएसटी 4,67,640. एकूण 6,65,640 रुपये. काकांना आकडा ऐकून घाम फुटला होता. आयजीएसटीचं क्रेडिट तुमच्या जीएसटी नंबरवर परत मिळतं, खर्चात धरायचे ते पहिले दोनच, असं सांगितल्यावर ते सावरले. क्वेरी आली नाही. पैसे त्याच दिवशी भरले, कारण तपासून भरण्यासाठी परत आलेल्या बिलाचा भरणा लांबला की वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज सुरू होतं.

सिस्टिमने माल तपासणीसाठी निवडला होता, तेव्हा बंदरातून कंटेनर द्रोणागिरीकडच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात आला. तपासणीच्या दिवशी सकाळी काकांचा फोन. “ताई, मशीन कधी गावतला?” मी म्हटलं, आज उघडतोय, सगळं बरोबर असेल तर संध्याकाळी आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सकडून माल मोकळा.

सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगवरच्या नंबराशी ताडून पाहिला, बरोबर होता. सील कापलं, दारं उघडली. दोन मोठे लाकडी क्रेट, प्रत्येकावर शिक्का ठसठशीत. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, त्याशेजारी सीएन, कारखान्याचा नंबर आणि खाली एचटी, म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवलेलं. जगभर लाकडी पॅकिंगला हाच शिक्का चालतो. कागद, क्रेट, यंत्राची प्लेट, सगळं जुळत होतं. मी मनात डिलिव्हरी ऑर्डरच्या कामाला लागले होते.

परीक्षक साहेब मात्र खाली वाकले. क्रेट सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना आणि खाली जाड ठोकळे ठोकलेले होते. हे क्रेटचे भाग नव्हते, माल भरताना गोदामात जे हाताला लागलं ते कापून लावलेलं. शिक्का एकावरही नाही. दोन ठोकळ्यांवर साल तशीच होती, रुंद पट्टेच्या पट्टे. त्यांनी पेनाने एक साल उचकटली. खाली टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि त्यांतून सांडलेलं पिठासारखं बारीक भुकटं. कंटेनरच्या फळ्यांवरही ते पडलेलं होतं. ते मला म्हणाले, “मॅडम, बोट लावून बघा.” भुकटं कोरडं आणि ताजं होतं, रंग पिवळसर पांढरा. जुन्या भोकातलं भुकटं काळपट आणि धुळकट असतं. आत अळी जिवंत असण्याची शक्यता सरळ दिसत होती.

इथे अनेक आयातदारांची आणि परदेशी सप्लायरची गल्लत होते. क्रेटला शिक्का मारला की काम झालं, असं त्यांना वाटतं. पण माल अडवायला, टेकवायला, घट्ट बसवायला लावलेलं लाकूड, ज्याला डनेज म्हणतात, तेही लाकडी पॅकिंगच धरलं जातं. प्लायवूड चालतं, कारण ते बनतानाच गोंद, उष्णता आणि दाब यांतून जातं. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही सूट आहे. हे ठोकळे मात्र दहा सेंटिमीटर जाडीचं कच्चं लाकूड होतं. बिनशिक्क्याचं लाकूड आलं की प्लांट क्वारंटाइनच्या देखरेखीखाली त्यावर इथेच प्रक्रिया होईपर्यंत कस्टम्स माल सोडत नाही. पर्याय उरतात ते लाकूड नष्ट करणं किंवा माल परत पाठवणं. शुल्क भरलेलं असणं इथे कामाला येत नाही.

मी आधी विचारून पाहिलं की ठोकळे काढून तेवढेच धुरी द्यायला पाठवले तर? क्वारंटाइनचे अधिकारी दुपारी आले, भुकटं पाहिलं आणि नाही म्हणाले. कीड क्रेटच्या फटींत, कंटेनरच्या फळ्यांत गेली असू शकते, पूर्ण कंटेनर करा. मला ते पटलं. आमच्या कोकणात दारोदार आंबा, काजू, फणस आहे. बाहेरची खोडकीड इथे शिरली तर तिला आवर कोण घालणार?

मग मान्यताप्राप्त फ्युमिगेशनवाल्यांना बोलावलं, आणि त्यांचं काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आधी त्यांनी ठोकळ्यांची साल पूर्ण तासून काढली, गोळा केली आणि जाळायला दिली. साल असली की गॅस लाकडात नीट उतरत नाही. मग जाडी मोजली, कारण वीस सेंटिमीटरपेक्षा जाड लाकडाला मिथिल ब्रोमाइड या गॅसची धुरी चालत नाही. क्रेटवर वरून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, ते त्यांनी फाडायला सांगितलं. प्लास्टिकमधून हा गॅस नीट जात नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं असतं तर आतलं लाकूड कोरडंच. यंत्राला गंज लागेल का म्हणून काका फोनवर घाबरले होते. क्रेटच्या आत, थेट यंत्राला गुंडाळलेलं वेगळं आवरण तसंच राहतं हे त्यांना फोटो काढून दाखवलं.

डोस ठरवताना फ्युमिगेशनवाल्याने आदल्या रात्रीचं तापमान विचारलं. 21 अंश किंवा जास्त असेल तर घनमीटरला 48 ग्रॅम, 16 ते 21 च्या मध्ये असेल तर 56. दुपारी उरणला घाम येत असला तरी फेब्रुवारीच्या पहाटे पारा 21 च्या खाली जातो, आणि चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान धरायचं असतं. वीस फुटी कंटेनर म्हणजे साधारण 33 घनमीटर, तेव्हा सुमारे 1,850 ग्रॅम गॅस. दारं सील केली, धोक्याची पाटी लावली, नळ्या बाहेर काढून ठेवल्या. चोवीस तासांनी त्या नळ्यांतून आतली मात्रा मोजली, ती पुरेशी भरली. मग दारं उघडून हवा खेळू दिली, आणि मीटर सुरक्षित दाखवेपर्यंत कुणालाही आत जाऊ दिलं नाही.

या मधल्या वेळात मी शिपिंग लाइनकडे कंटेनरचे फुकटचे दिवस वाढवून मागितले. सीएफएसचं भाडं आणि लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याचा आकार, हे दोन वेगळे मीटर असतात, एक थांबलं म्हणून दुसरं थांबत नाही. लाइनने थोडी सवलत दिली, सीएफएसने दिली नाही. क्वारंटाइनचं रिलीज सिस्टिमवर आलं, मग कस्टम्सचं आउट ऑफ चार्ज. लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसचे पैसे, गेट पास, ई-वे बिल, आणि ट्रक मुंबई-गोवा रस्त्याला लागला.

फ्युमिगेशन, भाडं आणि डिटेन्शनच्या पावत्या मी ठोकळ्यांच्या फोटोंसह काकांना पाठवल्या, त्यांनी त्या सप्लायरपुढे ठेवल्या. यंत्राची दहा टक्के रक्कम बसवून झाल्यावर द्यायची होती. सप्लायरने बरीच कुरकुर केली, शेवटी त्यातून खर्च वळता झाला. आता काकांनी दुसरी ऑर्डर काढली आहे. तिच्यात आम्ही दोघांनी मिळून एक कलम घातलं आहे. क्रेट आणि आतलं अडवणीचं प्रत्येक लाकूड शिक्क्याचं किंवा प्लायवूडचं हवं, आणि कंटेनरचं दार बंद करण्याआधी आतल्या चारी कोपऱ्यांचे, शिक्का वाचता येईल असे फोटो यायला हवेत. ते आल्याशिवाय उरलेल्या पैशांपैकी पुढचा हप्ता निघणार नाही.