तुम्ही विचारलंत म्हणून: रशियन येतं, मग बल्गेरियन का नाही?

“तुम्हाला रशियन येतं ना? मग बल्गेरियनमधून भाषांतर करायला काय अडचण? लिपी तर तीच!”

मीही असंच समजून एकदा एक बल्गेरियन लघुकथा मराठीत आणायला घेतली. त्यात एक वाक्य होतं: ‘स्वेकर्वाता या ग्लेदा स्नाहाता.’ स्वेकर्वा म्हणजे सासू, स्नाहा म्हणजे सून. (आपल्या श्वश्रू आणि स्नुषा यांच्याच या लांबच्या बहिणी, त्यामुळे मी आणखीच निर्धास्त.) ग्लेदा म्हणजे बघते, सांभाळते. मी लिहून टाकलं, ‘सासू सुनेला सांभाळते.’ संपादकांचा फोन आला, “अहो, पुढच्या पानावर सासू अंथरुणाला खिळलेली आहे. ती कोणाला सांभाळणार?”

घोळ झाला होता मधल्या ‘या’पाशी. रशियनमध्ये या म्हणजे ‘मी’. इथे ‘मी’ बसेना, म्हणून ते अक्षर मी चक्क सोडून दिलं. बल्गेरियनमध्ये या म्हणजे ‘तिला’, आणि वाक्यातली सगळी गुरुकिल्ली तीच. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत, सुनेच्या शब्दाचा शेवट बघितला की सांभाळणारी तीच हे तिथल्या तिथे कळतं. बल्गेरियन नामांनी त्या विभक्ती टाकून दिल्या. उरल्या त्या सर्वनामांत, आणि हाक मारायच्या रूपात. म्हणून कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणायचं असेल, तर जोडीला एक छोटं सर्वनाम ठेवतात: ‘सासूला, तिला, सून सांभाळते.’ ते ‘या’ काढलं तर वाक्य उलटं होतं आणि माझं भाषांतर बरोबर ठरतं!

मग दोन्ही शब्दांच्या शेवटी असलेला ‘ता’ कसला? तो विभक्तीचा नाही. ते निश्चितता दाखवणारं उपपद आहे, फक्त शब्दाच्या मागे चिकटलेलं. स्नाहा म्हणजे कोणी एक सून, स्नाहाता म्हणजे ती, आपल्याला माहीत असलेली सून. रोमानियन आणि अल्बेनियन या शेजारणींनाही ही सवय आहे, रशियनला नाही. आणि सुनेच्या आधी विशेषण आलं तर उपपद नामाला सोडून विशेषणाला जाऊन चिकटतं: म्लादाता स्नाहा, ती तरुण सून.

रशियन जाणणाऱ्याला खरा चकवा मिळतो तो पुल्लिंगी नामांत. आद्वोकात म्हणजे वकील. ‘तर्स्या आद्वोकात’ म्हणजे वकील शोधतेय, कोणीही चालेल. ‘तर्स्या आद्वोकाता’ म्हणजे त्या ठरावीक वकिलांना शोधतेय. आता रशियनमध्ये सजीव पुल्लिंगी नाम कर्म झालं की त्याला हाच ‘आ’ लागतो, वकील ठरावीक असो वा नसो. त्यामुळे रशियन डोळ्यांना बल्गेरियनचं पहिलं वाक्य चुकलेलं वाटतं आणि दुसरं अगदी ओळखीचं, आणि दोघांतला फरक भाषांतरात पुसला जातो. गंमत म्हणजे मराठी हा फरक सहज धरते. ‘मी वकील शोधतेय’ आणि ‘मी वकिलांना शोधतेय’ हे आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. रशियनच्या वाटेने न जाता थेट मराठीत आलात, तर काही हरवत नाही.

याच उपपदाचं एक लांब रूपही आहे, आद्वोकातत. नियम असा, की वकील कर्ता असेल तर लांब रूप लिहायचं, कर्म असेल किंवा आधी शब्दयोगी असेल तर आखूड. शाळेत याची कसोटी शिकवतात: त्या जागी ‘तोय’, म्हणजे ‘तो’, बसत असेल तर लांब, ‘नेगो’, म्हणजे ‘त्याला’, बसत असेल तर आखूड. छापील मजकुरात कर्ता शोधायला मला याचा फार उपयोग होतो. पण बोलताना बहुतेक लोक हा फरक पाळत नाहीत, त्यामुळे घरगुती पत्रात किंवा मेसेजमध्ये त्याच्यावर विसंबू नका. स्त्रीलिंगी नामांना तर दोन रूपं नाहीतच, म्हणून माझ्या सासू-सुनेच्या वाक्यात ‘या’शिवाय दुसरा आधार नव्हता.

विभक्ती गेल्यावर तिचं बरंच काम ‘ना’ या एका शब्दयोगीवर येऊन पडलं. ‘दादे पिस्मोतो ना आद्वोकाता’ म्हणजे ‘त्याने पत्र वकिलांना दिलं’, आणि ‘त्याने वकिलांचं पत्र दिलं’ हेसुद्धा. रशियनमध्ये दोन वेगळे प्रत्यय लागले असते, मराठीत ‘वकिलांना’ की ‘वकिलांचं’ हे ठरवल्याशिवाय वाक्य लिहिताच येत नाही. लेखकाने क्रियापदाजवळ ‘मू’, म्हणजे ‘त्याला’, ठेवलं असेल आणि ते वकिलांसाठीच असेल, तर पहिला अर्थ पक्का. नसेल, तर मी मागची-पुढची दोन पानं वाचते, ते पत्र आधी कोणाच्या हातात होतं ते बघते, आणि तरीही उलगडलं नाही तर लेखकाला विचारते.