तुमचे की तुम्हाला

दादरच्या आमच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली एक काळा फळा आहे, आणि माझे अक्षर बरे असल्याने त्यावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले, तेव्हा सेक्रेटरीने दिलेल्या चिठ्ठीत मजकूर होता : ‘यांना निवृत्तीबद्दल हार्दिक अभिनंदन’. खडू हातात घेऊन मी थबकलो.

मराठीत अभिनंदन करतात आणि शुभेच्छा देतात. म्हणून अभिनंदन ‘त्यांचे’ होते आणि शुभेच्छा ‘त्यांना’ मिळतात. ‘यांना अभिनंदन’ हे कानाला खटकते ते त्यामुळेच. शब्दांचे पुढचे सोबतीही वेगळे आहेत. अभिनंदन घडून गेलेल्या गोष्टी‘बद्दल’ असते, तर शुभेच्छा अजून घडायच्या गोष्टी‘साठी’ असतात. परीक्षेला निघालेल्या मुलीला शुभेच्छा द्याव्यात आणि निकालानंतर तिचे अभिनंदन करावे, एवढे ध्यानात ठेवले की बहुतेक प्रसंग निभावतात. वाढदिवसाला आपण शुभेच्छाच देतो, कारण जन्माला येण्यात आपला पराक्रम काहीच नसतो. (पूर्वीच्या पत्रांतून या दिवशी ‘अभीष्टचिंतन’ असे, तेही ‘तुमचे’च, आणि त्यातली ‘भी’ दीर्घ, हे मात्र छापणारे हमखास विसरतात.)

निवृत्तीचे मात्र जरा अवघड आहे. ती वयाने आपोआप येते, त्यामुळे ‘निवृत्तीबद्दल अभिनंदन’ म्हणजे ‘सुटलात एकदाचे’ असा वास येतो. अभिनंदन करायचे ते चौतीस वर्षांच्या सेवेचे, आणि शुभेच्छा द्यायच्या त्या पुढच्या दिवसांसाठी. दोन्ही एकाच वाक्यात आणायचे, तर सर्वनाम दोनदा लिहावे लागते : ‘यांचे सेवापूर्तीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन आणि त्यांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा’.

“काका, माणूस निवृत्त होतोय, व्याकरण नव्हे,” सेक्रेटरी म्हणाला, आणि ‘शुभकामना’ लिहून मोकळे होण्याचा सल्ला त्याने दिला. तो शब्द चुकीचा नाही, संस्कृतातलाच आहे, आणि अर्थाने शुभेच्छेचा सख्खा भाऊ आहे. मुंबईत तो दिसतो तो बहुधा दिवाळीच्या फलकांवर, हिंदी मजकुराचे मराठी करताना ‘शुभकामनाएँ’चे शेपूट तेवढे कापलेले असते. शुभेच्छा हाताशी असताना मला तो लिहावासा वाटत नाही. शिवाय त्याने सेवेचे अभिनंदन होत नाही, ते राहूनच जाते.

याच सेक्रेटरीने एकदा ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनाला, ‘शुभेच्छा’ लिहायला सांगितले होते. चैत्यभूमी इथून पायी जाण्याच्या अंतरावर असूनही! तिथे या तिन्ही शब्दांना जागा नाही. त्या दिवशी ‘विनम्र अभिवादन’ लिहायचे असते.

शेजाऱ्यांनी संध्याकाळी फळा सावकाश वाचला. अभिनंदन मी ठळक काढले होते, आणि खाली जागा उरली नव्हती. “पुढच्या आयुष्याचं अक्षर एवढं बारीक का हो?” त्यांनी विचारले.