सोसायटीच्या वर्षभराच्या सभांचा तक्ता

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत कमिटीची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. त्या दिवशी बँका बंद असतात आणि कमिटीतले दोघं बँकेत आहेत. डिसेंबरात सचिवपद माझ्याकडे आलं, तेव्हा २०२६ च्या बाराही तारखा आणि त्यापुढे विषय असा एकच तक्ता करून फलकावर लावायचं ठरवलं.

एक्सेलमध्ये १० जानेवारी लिहिली आणि चार आठवड्यांनी पुढची सभा म्हणून २८ मिळवत गेले. खजिनदार काका तक्ता बघून म्हणाले, "ताई, ७ फेब्रुवारी हा पहिला शनिवार आहे." खरंच होतं. महिना २८ दिवसांपेक्षा मोठा असला की तारीख मागे सरकत जाते. दुसरा शनिवार ८ ते १४ याच तारखांत येतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तक्ता तपासायला तेवढं पुरतं.

मग A स्तंभात प्रत्येक महिन्याची १ तारीख घेतली आणि B मध्ये दुसरा शनिवार काढला:

```
A2: =DATE(2026,1,1)
A3: =EDATE(A2,1)
B2: =A2+14-WEEKDAY(A2)
```

WEEKDAY रविवारला १ आणि शनिवारला ७ धरतं. १ जानेवारी गुरुवार, म्हणजे ५. एकमध्ये १४ मिळवून ५ वजा केले की १० येतात. ऑगस्टची १ तारीखच शनिवारी आहे, तिथेही बरोबर ८ आली. A3 आणि B2 खाली ओढले की बारा ओळी तयार. तारखेऐवजी ४६०३२ असा आकडा दिसला तर घाबरू नका, त्या स्तंभाचं फॉरमॅट 'Date' करा.

खरा वेळ लागला विषयांच्या स्तंभाला. 'मागील इतिवृत्त कायम करणे' आणि 'जमाखर्च' हे दर महिन्याचे विषय तक्त्याखाली एकदाच लिहिले, आणि स्तंभात फक्त त्या महिन्याचं काम ठेवलं. ९ मे समोर गच्चीची गळती आणि पावसाळी पन्हळी, कारण १३ जूनपर्यंत थांबलो तर पाऊस दाराशी येतो. १२ सप्टेंबरसमोर मी वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख ठरवणं लिहिलं होतं. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी. शेवटचा रविवार २७ तारखेला, म्हणजे १२ च्या रात्रीच घरोघर नोटीस वाटली तरच जमणार, आणि सोमवारी गणपती बसणार. तो विषय मी ८ ऑगस्टच्या ओळीत नेला आणि सप्टेंबरसमोर 'अहवालाच्या प्रती, सभागृहाची व्यवस्था' एवढंच ठेवलं.